चॅनेल कधीचे, व्हिडिओ किती, पाहिले कितींनी?

गिरगावातील चाळ असो, लालबागची दहा बाय बाराची खोली असो, की परळच्या जुन्या गिरणीच्या जागी उभा राहिलेला टॉवर, सकाळच्या चहाबरोबर घरच्या व्हॉट्सॲप गटात एखादा तरी व्हिडिओ येऊन पडतोच. ‘या तारखेपासून आधार कार्ड बंद’, ‘महिलांच्या खात्यात सरकारचे पैसे जमा’, ‘हजच्या अर्जाची मुदत वाढली’, ‘या पाल्याच्या रसाने कॅन्सर बरा’. खालाजान तो पुढच्या गटात पाठवतात, अब्बा तो दोनदा पाहतात, आणि दुपारपर्यंत घरातले कोणीतरी कागदपत्रे गोळा करून दादरच्या एखाद्या सायबर कॅफेत रांगेत उभे असते.

व्हिडिओ खरा की खोटा हे दर वेळी शोधून काढणे आपल्याला जमेलच असे नाही. मात्र तो कोणी टाकला आहे याची प्राथमिक विचारपूस घरबसल्या, एका मिनिटात करता येते. सोयरीक आली की आपण मुलाचे शिक्षण, नोकरी, घराणे विचारतो. तशीच यूट्यूबवरील प्रत्येक चॅनेलची एक जाहीर माहिती असते आणि ती कोणालाही वाचता येते. या लेखात आम्ही त्यातल्या तीनच गोष्टींबद्दल बोलणार आहोत: चॅनेल सुरू झाल्याची तारीख, एकूण व्हिडिओंची संख्या आणि एकूण व्ह्यूज.

ही माहिती सापडते कुठे?

व्हिडिओखाली चॅनेलचे नाव आणि गोल चित्र असते. त्यावर बोट ठेवले की चॅनेलचे मुख्य पान उघडते. तिथे नावाखाली दोन ओळींची ओळख असते आणि तिच्या शेवटी बारीक अक्षरांत ...more असे लिहिलेले असते. त्यावर टेकवले की एक पट्टी उघडते. वर चॅनेलने स्वतःबद्दल लिहिलेला मजकूर असतो. तो बहुतेक वेळा जाहिरातीसारखा असतो, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नये. तसेच खाली जावे. तिथे चॅनेलचा पत्ता, सबस्क्रायबर, व्हिडिओ, व्ह्यूज, देश आणि Joined या शब्दापुढे एक तारीख असते. आपल्याला वाचायचे आहे ते हेच.

पूर्वी यासाठी About नावाचा वेगळा कप्पा होता. तो आता दिसत नाही, म्हणून ‘माहिती काढून टाकली’ असे अनेकांना वाटते. ती काढलेली नाही, फक्त ...more च्या मागे गेली आहे.

वाचताना एक फरक लक्षात ठेवावा. सबस्क्रायबरचा आकडा यूट्यूब गोळाबेरीज करून दाखवते, उदाहरणार्थ २२.६ लाख. व्ह्यूजचा आकडा मात्र शेवटच्या अंकापर्यंत पूर्ण लिहिलेला असतो. देशाचे नाव चॅनेल चालवणारा स्वतः निवडतो. तिथे भारत लिहिले आहे म्हणून माणूस भारतातच बसला आहे असे धरून चालू नये.

तारीख काय सांगते

Joined पुढची तारीख म्हणजे ते चॅनेल यूट्यूबवर उघडले गेले तो दिवस. तो चॅनेलवाल्याला मागेपुढे करता येत नाही. नाव बदलता येते, चित्र बदलता येते, सगळे व्हिडिओ पुसून नवे टाकता येतात, पण ही तारीख तशीच राहते. त्यामुळे या पानावरची ही सर्वांत भरवशाची नोंद आहे.

यूट्यूबवरचा सर्वांत पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी चढवला गेला. तो चढवणारा तरुण म्हणजे यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक, जावेद करीम. त्याचे वडील मूळचे बांगलादेशी. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून तो १९ सेकंद बोलतो, एवढाच तो व्हिडिओ. @jawed हे त्याचे चॅनेल आजही आहे. त्याच्या पानावर सुरुवात एप्रिल २००५ ची, व्हिडिओ एक आणि व्ह्यूज तीस कोटींहून अधिक आहेत. यूट्यूबवरच्या सर्वांत जुन्या चॅनेलांपैकी ते एक आहे.

मात्र चॅनेल उघडले म्हणजे कामही त्याच दिवशी सुरू झाले असे नाही. टी-सीरीजचे चॅनेल १३ मार्च २००६ रोजी उघडले गेले, पण त्यावर व्हिडिओ चढू लागले ते २०१० च्या डिसेंबरअखेर. मध्ये साडेचार वर्षांहून अधिक काळ ते रिकामे होते. म्हणून तारीख हे वय सांगते, अनुभव नव्हे. चॅनेल खरोखर किती वर्षे चालू आहे हे पाहायचे असेल तर व्हिडिओंच्या यादीत जाऊन Oldest निवडावे. सर्वांत जुना व्हिडिओ वर येतो आणि तो किती वर्षांपूर्वीचा आहे हे त्याच्याखाली लिहिलेले असते.

आता ही तारीख कामी कशी येते ते पाहू. समजा, लालबागच्या राजाचे थेट प्रक्षेपण म्हणून शेजारच्या वहिनींना एक दुवा आला आणि त्यात देणगीसाठी क्यूआर कोड आहे. ते मंडळ १९३४ पासूनचे आहे. त्याच्या नावाच्या चॅनेलवर Joined पुढे याच महिन्यातली तारीख आणि व्हिडिओ तीन असतील, तर पैसे पाठवण्यापूर्वी थांबायला हवे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचेही तसेच. ते १९४१ पासून उभे आहे. त्याच्या नावाने तीन आठवड्यांपूर्वी उघडलेले चॅनेल एखाद्या आजारी लहान मुलाचा फोटो दाखवून मदत मागत असेल, तर हे वय संस्थेच्या वयाशी जुळत नाही. आपल्याकडे जकात आणि सदका देण्याच्या दिवसांत असे दुवे घरोघरी फिरतात, तेव्हा ही तारीख आधी वाचावी.

नवे म्हणजे खोटेच असेही नाही. जुन्या संस्थाही नवे चॅनेल उघडतात. पण नवे चॅनेल आणि जुने नाव अशी जोडी दिसली की त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून आत शिरावे. टाटा मेमोरियलचे संकेतस्थळ tmc.gov.in आहे. शेवटी gov.in असलेले नाव वाटेल त्याला मिळत नाही, यूट्यूबवरचे नाव मात्र कोणीही घेऊ शकतो. एकाच नावाची आणि एकाच चित्राची दहा चॅनेल असू शकतात. वेगळी असते ती @ ने सुरू होणारी ओळख, कारण ती दोघांना सारखी मिळत नाही. तिच्यातले एखादे जादा अक्षर किंवा टिंब नजरेतून सुटू देऊ नये.

आकडे एकमेकांशी जुळतात का?

एकटा आकडा फारसे सांगत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले की ते बोलू लागतात. याचे एक खरे उदाहरण आपल्या देशातच घडले आहे.

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा, म्हणजे पीआयबीचा, बातम्यांची शहानिशा करणारा एक विभाग आहे. २० डिसेंबर २०२२ रोजी त्याने तीन यूट्यूब चॅनेल खोट्या बातम्या पसरवतात असे जाहीर केले. त्यांची नावे होती न्यूज हेडलाइन्स, सरकारी अपडेट आणि आज तक लाईव्ह. सर्वोच्च न्यायालय, सरन्यायाधीश, मतदान यंत्रे, सरकारी योजना, आधार, शेतकऱ्यांची कर्जे अशा विषयांवर ती बनावट बातम्या देत होती. व्हिडिओच्या मुखचित्रावर नामांकित वाहिन्यांची बोधचिन्हे आणि निवेदकांचे फोटो लावलेले असायचे, त्यामुळे पाहणाऱ्याला ती टीव्हीवरचीच बातमी वाटायची.

पीआयबीने तिन्ही चॅनेलचे सबस्क्रायबर आणि व्ह्यूज प्रसिद्ध केले होते. हे तेच आकडे, जे कोणालाही चॅनेलच्या पानावर वाचता येतात. ते असे होते. न्यूज हेडलाइन्स: सबस्क्रायबर ९.६७ लाख, व्ह्यूज ३१,७५,३२,२९०. सरकारी अपडेट: सबस्क्रायबर २२.६ लाख, व्ह्यूज ८,८३,५९४. आज तक लाईव्ह: सबस्क्रायबर ६५.६ हजार, व्ह्यूज १,२५,०४,१७७.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू आणि व्ह्यूजना सबस्क्रायबरनी भागू. न्यूज हेडलाइन्समध्ये एका सबस्क्रायबरमागे सुमारे ३२८ व्ह्यूज येतात. आज तक लाईव्हमध्ये सुमारे १९०. आणि सरकारी अपडेटमध्ये? साडेबावीस लाखांहून अधिक सबस्क्रायबर आणि व्ह्यूज नऊ लाखांच्याही आत. म्हणजे दर पाच सबस्क्रायबरमागे जेमतेम दोन व्ह्यूज.

हे कसे शक्य आहे, याचा जरा विचार करा. माणूस एखाद्या चॅनेलचा सबस्क्रायबर होतो तो सहसा निदान एक व्हिडिओ पाहून. त्यामुळे व्ह्यूज सबस्क्रायबरपेक्षा कमी असणे हेच उलटे आहे. खानावळीच्या वहीत दोन हजार नेहमीची गिऱ्हाइके लिहिलेली असावीत आणि आजवर विकलेल्या थाळ्या आठशे असाव्यात, असा तो हिशेब. अशा वेळी तीन शक्यता असतात. पहिली, जुने व्हिडिओ पुसले किंवा लपवले गेले. दुसरी, चॅनेल आधी वेगळ्याच नावाने आणि वेगळ्याच विषयावर चालत होते आणि सबस्क्रायबर त्या काळातले आहेत. तिसरी, सबस्क्रायबरच पैसे देऊन वाढवलेले आहेत. यांतली नेमकी कोणती, हे त्या पानावरून ठरत नाही. पण तिन्हींचा अर्थ एकच निघतो: २२.६ लाख हा आकडा आज समोर असलेल्या व्हिडिओंची पावती नाही. ‘एवढे लोक बघतात, मग खोटे कसे असेल?’ हा घरातला नेहमीचा प्रश्न इथेच गळून पडतो.

व्हिडिओंची संख्याही याच हिशेबात धरावी. पानावर दिसणारी संख्या फक्त त्या घडीला सर्वांना खुल्या असलेल्या व्हिडिओंची असते. पुसलेले आणि खाजगी केलेले व्हिडिओ तिच्यात नसतात. म्हणून चॅनेल आठ वर्षांचे, सबस्क्रायबर लाखांत आणि व्हिडिओ फक्त पाच असे दिसले, तर आधीचे व्हिडिओ कुठे गेले हे विचारावे.

याच्या उलटही घडते. समजा, चॅनेल उघडून ९० दिवस झाले आणि व्हिडिओ १,८०० आहेत. म्हणजे रोजचे वीस. मोठ्या वृत्तवाहिनीला हे सहज जमते, कारण तिच्याकडे बातमीदार, कॅमेरे आणि संकलक असतात. पण पानावर ना संस्थेचे नाव, ना पत्ता, आणि आवाज दर वेळी एकाच माणसाचा, तर तो माणूस रोज वीस विषयांची चौकशी करून बोलत नाही हे उघड आहे. दुसरीकडून उचललेल्या तुकड्यांना नवे मथळे लावून ते पुढे ढकलले जात असण्याचीच शक्यता जास्त.

व्ह्यूजच्या बाबतीत अलीकडचा एक बदल माहीत असावा. शॉर्ट्स म्हणजे उभे, छोटे व्हिडिओ. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की तो व्ह्यू धरला जातो. तो किती सेकंद पाहिला, याची अट नाही. लोकलमध्ये परळ ते दादर अंगठ्याने पडदा सरकवत गेलेला माणूसही कितीतरी चॅनेलना व्ह्यूज देऊन जातो. म्हणून शॉर्ट्स टाकणाऱ्या चॅनेलचे कोटीचे व्ह्यूज आणि अर्ध्या तासाचे व्हिडिओ टाकणाऱ्याचे कोटीचे व्ह्यूज यांना एका तराजूत तोलू नये.

जुनी तारीख, नवा मालक

तारीख बदलत नाही हे तिचे बळ आहे. पण चॅनेल पळवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात.

सप्टेंबर २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मुंबईतील प्रसिद्ध पॉडकास्टर रणवीर अलाहाबादिया यांची दोन चॅनेल हॅकरांनी ताब्यात घेतली. एकाचे नाव टेस्ला झाले आणि त्याची ओळख @Elon.trump.tesla_live2024 अशी दिसू लागली. वर्षानुवर्षांच्या मुलाखती नाहीशा झाल्या आणि त्यांच्या जागी इलॉन मस्क आणि ट्रम्प यांच्या जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ चालू झाले. त्याआधी काही दिवस, २० सप्टेंबरला, खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या चॅनेलवर सुनावण्यांऐवजी एका क्रिप्टो चलनाचा प्रचार दिसू लागला होता.

अशा पळवलेल्या चॅनेलचे पान कसे दिसेल? तारीख जुनी आणि सबस्क्रायबर लाखो, म्हणजे वरवर पाहता मोठे भारदस्त. पण व्हिडिओ एक-दोनच, तेही थेट प्रक्षेपणाचे, आणि नावाचा चॅनेलच्या आधीच्या विषयाशी काही संबंध नाही. म्हणून नुसती तारीख पाहून समाधान मानू नये. तारीख, व्हिडिओंची संख्या आणि नाव या तिन्ही गोष्टी एकच गोष्ट सांगतात का, ते पाहावे. आणि अशा ठिकाणी ‘पैसे पाठवा, दुप्पट परत मिळतील’ असे कोणी म्हणू लागला, तर तिथून लगेच बाहेर पडावे.

नावापुढच्या खुणेचीही इथे मदत होते. एक लाख सबस्क्रायबर झालेल्या चॅनेलला यूट्यूबकडे त्या बरोबरच्या खुणेसाठी अर्ज करता येतो. पुढे त्याने नाव बदलले की खूण निघून जाते. म्हणून लाखो सबस्क्रायबर आहेत, नाव मोठ्या संस्थेचे आहे, पण खूण नाही, असे दिसले तर नाव अलीकडे बदलले असण्याची शंका घ्यायला जागा आहे. पुष्कळ प्रामाणिक चॅनेल ही खूण मागतच नाहीत हेही खरे, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये.

हे पान कुठे थांबते

आता मघाच्या तीन चॅनेलकडे पुन्हा वळू. सरकारी अपडेट आपल्या भागाकारात पकडले गेले. आज तक लाईव्ह नावात पकडले जाते, कारण खऱ्या आज तक वाहिनीचे सबस्क्रायबर कोट्यवधी होते आणि हिचे ६५.६ हजार. पण न्यूज हेडलाइन्स? साडेनऊ लाखांवर सबस्क्रायबर, एकतीस कोटींवर व्ह्यूज. आकड्यांत खोट काढता येत नाही. हे चॅनेल लोक खरोखर पाहत होते. आणि तेही खोट्या बातम्याच देत होते.

या पानाची मर्यादा एवढ्यातच कळते. बोलणारा तोच आहे का आणि त्याचा डोलारा खरा आहे का, याचा अंदाज हे पान देते. तो बोलतो ते खरे आहे का, हे त्याला सांगता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने पत्नीचा कर्करोग हळद, कडुनिंब आणि आहाराच्या जोरावर हटला, असे पत्रकारांसमोर सांगितले आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. बोलणारा माणूस खरा होता, तो दाखवणारी चॅनेलही जुनी आणि मोठी होती. तरी टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांना एकत्र येऊन निवेदन काढावे लागले की या दाव्याला पुरेसा आधार नाही आणि रुग्णांनी उपचार लांबवू नयेत. इथे तारीख, व्ह्यूज, संख्या सगळे काही जुळले असते आणि तरी रुग्णाचे नुकसान झाले असते.

म्हणून क्रम असा ठेवावा. व्हिडिओ पैशाचा, कागदपत्रांचा किंवा औषधाचा असेल तर आधी चॅनेलचे पान उघडा. तारीख वाचा, व्हिडिओ मोजा, व्ह्यूजना सबस्क्रायबरनी भागा. आकडे फसले तर व्हिडिओ तिथेच सोडा, पुढे पाठवू नका. आकडे जुळले तर फक्त पहिला दरवाजा पार झाला असे समजा आणि दुसऱ्या दरवाजावर जा. योजनेसाठी त्या खात्याचे संकेतस्थळ, हजच्या तारखांसाठी हज समितीचे परिपत्रक, औषधासाठी आपला डॉक्टर.

घरातल्या मोठ्यांना हे सांगताना मात्र जरा सबुरीने घ्यावे. ‘दादी, तुम्ही खोटे पाठवता’ असे म्हटले की दादी पुढच्या वेळी मुलांना न विचारताच पाठवते. त्याऐवजी तिच्याच फोनवर ते पान उघडून द्यावे, तारीख मोठ्याने वाचायला सांगावी आणि विचारावे, ‘दादी, रमजानच्या चंद्राबरोबर उघडलेले हे दुकान शंभर वर्षांच्या पेढीचे नाव कसे लावते?’ तिने आयुष्यभर भायखळ्याच्या बाजारात भाजीवाल्याची, दुधवाल्याची पारख केली आहे. खबर आली की तिची शहानिशा करावी ही शिकवण आपल्या घरांत नवी नाही. चॅनेलची पारख कुठे करायची ती जागा तेवढी तिला दाखवून द्यायची आहे.